नळीतलं ऊन

एकाच कॉलमवर पेन्सिलीच्या दोन रेघा होत्या आणि त्यांच्यात चार सुतांचा, म्हणजे अर्ध्या इंचाचा फरक होता. वरची रेघ मी सकाळी मारलेली, खालची सेंट्रिंगच्या पोरांनी दुपारी. लेव्हल घ्यायची पाण्याची नळी तीच आणि पहिल्या कॉलमवरची मूळ खूणही तीच.

काम केज तालुक्यातल्या एका गावात होतं. जुनं माळवदाचं घर, त्याला लागून पुढे नऊ कॉलमचं नवं बांधकाम. जोतं जमिनीपासून पावणेतीन फूट, आणि जोत्यापासून तीन फुटांवर सगळ्या कॉलमना लेव्हलची खूण. सेंट्रिंगच्या फळ्यांची उंची याच खुणेवरून मोजून वर जाते. पुढचे कॉलम उघड्यावर, दिवसभर उन्हात. मागचे तीन कॉलम माळवदाच्या भिंतीच्या आणि लिंबाच्या सावलीत. मे महिना चालू होता.

अर्ध्या इंचाने काय बिघडतं, असं मालकांनी मला विचारलं, तेव्हा मी त्यांना ती मागची भिंतच दाखवली. पांढऱ्या मातीची भिंत. स्लॅबला मागून पुढे आम्ही एक इंच उतार धरला होता, म्हणजे पावसाचं पाणी रस्त्याकडे पडावं. मागची खूण चार सूत खाली धरली असती तर मागची सेंट्रिंग तेवढीच खाली बसली असती आणि निम्मा उतार तिथेच गेला असता. मग पाणी मागे रेंगाळणार, आणि मातीच्या भिंतीला पाण्याइतकं वाईट दुसरं काही नाही. वरून कोबा जाड करून उतार काढता येतो, पण तो खर्च आणि ते वजन मालकाच्या डोक्यावर कशाला?

पोरांनी काम निष्काळजीपणे केलेलं नव्हतं, हे आधी सांगतो. मधल्या दोन कॉलमच्या खुणा पुसल्या म्हणून त्यांनी पुन्हा लेव्हल घ्यायला घेतली होती. बादली उंचावर ठेवून, एक टोक तीत बुडवून, दुसऱ्या टोकाने तोंडाने ओढून नळी भरली होती. पाण्यात चिमूटभर नीळ होती, म्हणून रेषा स्वच्छ दिसत होती. सुरुवातीला दोन्ही टोकं शेजारी धरून पाणी सारखं आहे ते पाहिलं होतं. नळी नेताना तोंडावर अंगठा ठेवायचा आणि वाचताना दोन्हीकडचे अंगठे काढायचे, हे त्यांना पाठ होतं. फक्त मधे एकाचा अंगठा सुटून थोडं पाणी सांडलं, ते त्यांनी सावलीतल्या रांजणातून मागच्या टोकाने भरून घेतलं होतं.

फरक दिसला की पहिला संशय हवेच्या बुडबुड्यावर जातो, आणि तो घ्यायलाच हवा. नळीच्या उभ्या भागात बोटभर उंचीची हवा अडकली, तर तेवढ्या उंचीचं पाणीच त्या बाजूला कमी असतं, आणि लेव्हल तेवढीच चुकते. बारीक नळीत हवा पाण्याला पूर्ण अडवून बसते, म्हणून मी आतून आठ-दहा मिलिमीटरपेक्षा बारीक नळी घेत नाही. आम्ही सगळी नळी डोळ्यांसमोरून सरकवली, टिचक्या मारल्या, कुठे पिळा पडलाय का, कुणी विटेखाली दाबलीय का, तेही बघितलं. हवेचा मागमूस नव्हता.

मग मी दोन्ही टोकं तशीच्या तशी मागच्या कॉलमपाशी आणवली आणि शेजारी शेजारी धरली. एकाच नळीतलं, एकाच जागचं पाणी, आणि पुढच्या टोकाचं पाणी मागच्यापेक्षा तीन सूत वर उभं राहिलं. पोरं गप्प झाली. "मिस्त्री, असं कसं हो होईल?" त्यांतला एक म्हणाला. मी त्याला दोन्ही बाजू मुठीत धरायला सांगितल्या. एक बाजू चांगलीच तापलेली, दुसरी रांजणासारखी गार. त्याने हात बदलून पुन्हा धरून पाहिलं.

पाणी तापलं की फुगतं आणि हलकं होतं. रांजणातलं 27 अंशांचं एक लिटर पाणी साधारण 996 ग्रॅम भरतं, तेच उन्हात 47 अंशांवर गेलं की 989 ग्रॅम. लिटरमागे सात ग्रॅम. नळीत दोन्ही बाजूंचं पाणी तराजूच्या पारड्यांसारखं एकमेकांना तोलून धरतं, उंचीने नव्हे तर वजनाने. म्हणून हलकं पाणी जड पाण्याला तोलायला जास्त उंच उभं राहतं. आमची खूण जमिनीपासून पावणेसहा फुटांवर, आणि नळी खाली जमिनीवर लोळत होती. म्हणजे दोन्हीकडे पावणेसहा फूट, जवळपास 175 सेंटिमीटर पाणी उभं होतं. त्यातला हजारी सात भाग काढला तर सव्वा सेंटिमीटर होतो. तेच ते चार सूत. पुढचं टोक खुणेला लावून धरलं की मागचं गार पाणी तेवढं खाली दिसणार, आणि पोरांची रेघ खालीच होती. दोन टोकं शेजारी आणेपर्यंत गरम बाजू जरा निवली असणार, म्हणून तिथे तीनच सूत दिसले.

यातली एक गोष्ट बऱ्याच जाणत्या गवंड्यांनाही पटकन पटत नाही. जमिनीवर आडवी पडलेली नळी कितीही तापली तरी लेव्हल चुकत नाही, कारण आडव्या पाण्याच्या वजनाचा उंचीशी संबंध नाही. चूक करते ती फक्त उभी लोंबणारी बाजू. ती जितकी लांब, तितकी चूक मोठी. म्हणून त्याच दिवशी मी नळी जमिनीवरून उचलून जोत्यावर अंथरायला लावली. उभी बाजू तीन फुटांवर आली, चूकही जवळपास निम्मी झाली. पण निम्मी चूकही चालणार नव्हती. मग नळी पूर्ण रिकामी केली, सगळं पाणी एकाच रांजणातून पुन्हा भरलं, आणि पुढच्या टोकाच्या उभ्या भागावर ओलं गोणपाट गुंडाळलं. आता टोकं शेजारी धरली तर पाणी केसभरही हललेलं नव्हतं. मागच्या कॉलमवर पाणी माझ्या सकाळच्या रेघेला येऊन थांबलं.

तरी मी सेंट्रिंगच्या लोकांना त्या संध्याकाळी फळ्या चढवू दिल्या नाहीत. एका बांधकामावरची एक लेव्हल एकाच वेळी, एकाच पाण्याने घेतलेली असावी, असं मी मानतो. दुसऱ्या दिवशी ऊन चढायच्या आत सगळ्या नऊ कॉलमच्या खुणा पहिल्यापासून घेतल्या आणि शेवटी फिरून पहिल्या कॉलमवर आलो. नळी परत मूळ खुणेवर मिळाली. ती मिळाली नसती तर मधली एकही रेघ मी धरली नसती. पोरांच्या खालच्या रेघा मी त्यांच्याच हाताने पुसायला लावल्या, आणि खऱ्या खुणांवर खिळ्याने ओरखडा काढून ठेवला, म्हणजे सेंट्रिंग लागेपर्यंत पुन्हा पुसल्या जाऊ नयेत.