दाराला लटकलेली दुधाची पिशवी

मी न्यू जर्सीत, आई सांगलीत. वय 76, तळमजल्याच्या फ्लॅटमध्ये एकटी. उन्हाळ्यात आमच्यात साडेनऊ तासांचं अंतर असतं, म्हणून रविवारी रात्री नऊला मी फोन करते तेव्हा तिकडे सोमवारचे साडेसहा वाजलेले असतात आणि ती चहा घेत असते.

जुलैमधल्या त्या रविवारी तिने उचलला नाही. व्हॉट्सअॅपवर मेसेज टाकला तर एकच टिक. मग साधा फोन लावला. रिंग पूर्ण वाजली, दोनदा. इथे मी जरा थांबून विचार केला. रिंग जाते म्हणजे फोन चालू आहे, रेंजही आहे. तरी टिक एकच, म्हणजे इंटरनेट नाही. ती मोबाइल डेटा बंदच ठेवते, तेव्हा वाय-फाय गेलं असणार, बहुधा वीज गेली म्हणून. पण मग फोन का उचलत नाही, याचं उत्तर त्यात नव्हतं.

इथून 112 लावून उपयोग नाही, तो भारतात जातच नाही. पावणेसातला शेजारच्या काकूंना उठवलं. त्या फोन कानाला लावूनच बाहेर आल्या आणि म्हणाल्या, "अगं, दुधाची पिशवी अजून दाराला लटकलीय." मला खरी भीती तेव्हा वाटली. आई सहाला दूध आत घेते.

काकूंकडे आमची किल्ली होती. कुलूप उघडलं, दार उघडेना. आईने आतून कडी लावली होती! तीन वर्षं मी किल्लीच्या भरवशावर निश्चिंत होते आणि कडीचा विचार एकदाही केला नव्हता. वीज नसल्याने बेल वाजत नव्हती. शेवटी काका मागे जाऊन बेडरूमच्या खिडकीच्या गजांवर काठी आपटत राहिले.

पाचेक मिनिटांनी आई उठली. सर्दीची गोळी घेऊन झोपली होती, कानातलं यंत्र काढून ठेवलेलं, मोबाइल हॉलमध्ये. दार उघडून तिने काकूंना विचारलं, "काय झालं? कोण गेलं?"

पुढच्या आठवड्यात सुताराकडून कडी काढून नाइट लॅच बसवलं. आतून बंद होतं, पण बाहेरून किल्लीने उघडतं. फक्त त्याची आतली खिटी दाबली की किल्लीही चालत नाही, म्हणून ती सुताराकडूनच काढून घेतली. मोबाइल आता उशाशी असतो. पावणेसातपर्यंत माझा फोन उचलला नाही, तर काकूंनी आधी दाराकडे बघायचं, एवढं ठरलंय.

आईला हे सगळं फारसं पटलेलं नाही. "कडीशिवाय झोप येत नाही," म्हणते. त्या दिवशी दूध नासलं, तेही अजून ऐकवते.