सकाळी नऊ ते दुपारी दोन

लालबागच्या चाळीतलं पाच जणांचं कुटुंब. आजी, मुलगा, सून, बारावीतला नातू, सातवीतली नात. पुनर्विकासात त्यांना साधारण 450 चौरस फूट कार्पेटचा वन बीएचके मिळाला होता. पहिल्या भेटीत दादांनी मोबाइलवर फोटो दाखवायला सुरुवात केली: किंग साइज बेड, भिंतभर वॉर्डरोब, सहा खुर्च्यांचं डायनिंग टेबल. मी फोटो ठेवून घेतले आणि विचारलं, "काल सकाळी उठल्यापासून घरात काय काय झालं, ते सांगता?"

"मॅडम, आम्ही डिझाइनसाठी बोलावलंय," दादा म्हणाले. तक्रार रास्त होती, पण माझी पद्धत हीच आहे: घराची मांडणी काढण्याआधी घरच्यांच्या गरजा लिहून काढायच्या, म्हणजे ब्रीफ तयार करायचं. मी वहीत उभ्या रकान्यांत माणसं आणि आडव्या ओळींत तास आखते. प्रत्येक चौकोनात माणूस कुठे आहे, काय करतोय, त्याला उजेड हवा की अंधार, दार उघडं हवं की बंद, एवढंच भरायचं. फर्निचरचं नाव त्यात येऊ द्यायचं नाही. ‘टेबल हवं’ असं लिहिलं की टेबलच काढलं जातं. ‘दोघांना रात्री साडेनऊला बसून जेवायचंय’ असं लिहिलं तर दुसरे रस्ते उघडे राहतात.

वहिनींचा रकाना भरताना हात थांबला. त्या पालिकेच्या रुग्णालयात परिचारिका. रात्रपाळी असली की सकाळी नऊपर्यंत घरी येऊन दोनपर्यंत झोपतात. नेमक्या याच वेळात आजींचा टीव्ही चालू, दार उघडं, शेजारणींची ये-जा. चाळीत वर्षानुवर्षं हे असंच चाललेलं, त्यामुळे अडचण म्हणून कोणी सांगितलंच नाही. वहिनी म्हणाल्या, "डोक्यावर पांघरूण घेते, झालं."

"आणि तेव्हा खोलीत कोणी येतं का?"

"सगळेच. कपडे तिथेच ना! मुलगा क्लासवरून येतो, कपाट उघडतो, दिवा लावतो."

ब्रीफमध्ये वाक्य गेलं: "रात्रपाळीनंतर सकाळी 9 ते दुपारी 2 एका व्यक्तीला अंधार आणि शांतता हवी, त्याच वेळी दुसरीला उघडं दार, टीव्ही आणि माणसं हवीत. या वेळात कोणालाही कोणत्याही वस्तूसाठी झोपायच्या खोलीत जावं लागू नये." दुसऱ्या वाक्याने दादांचा भिंतभर वॉर्डरोब बेडरूममधून बाहेर काढला. वहिनींचे कपडे आत, बाकी चौघांचे बाहेर. तसंही ती खोली 9 फूट रुंद. 6 फुटी बेड आणि समोरच्या भिंतीला 2 फूट खोल कपाट म्हटलं तर मध्ये फूटभर जागा उरते. पल्ला उघडायचा कुठे?

रात्रीच्या ओळींत दुसरी टक्कर निघाली. आजी हॉलमध्ये साडेनऊला झोपतात आणि नातू तिथेच एकपर्यंत अभ्यास करतो. म्हणून "रात्री 10 ते 1 एकाला लिहायला सपाट जागा, वर दिवा, बाजूला प्लग, उजेड हॉलमध्ये पडू नये." स्वयंपाकघर त्या वेळी रिकामं असतं, हे त्याच तक्त्यात दिसत होतं. पण तिथे त्याला बसवायचं, हे मी अजून लिहिलं नाही. उपाय ब्रीफमध्ये घुसला की पुढे त्याच्यावर कोणी प्रश्न विचारत नाही.

गणपती हा वेगळा मामला. मखर साधारण 4 बाय 3 फुटांचं, शिवाय दर्शनाला येणारी माणसं. पाच दिवसांसाठी वर्षभराची मांडणी ठरवणं मला पटत नाही, पण लालबागमधल्या घरात ते टाळून चालणारही नाही. वेगळ्या शीर्षकाखाली लिहिलं: "हॉलचा एक कोपरा दोन माणसांना हलवता येईल एवढ्याच सामानाचा."

जे बदलता येणार नाही त्याचीही नोंद केली: कॉलम आणि बीम, शिवाय संडास-बाथरूमची जागा. खालच्या घरातल्या कोणाच्या हॉलवर आपलं बाथरूम सरकवता येत नाही.

मग दोन पानं घरी सगळ्यांसमोर वाचून दाखवली. हे मी टाळत नाही. स्वतःबद्दल लिहिलेलं मोठ्याने ऐकलं की माणसं लगेच दुरुस्त करतात. आजी म्हणाल्या, "दार उघडं ठेवते ते वाऱ्यासाठी नाही गो. जिन्यावरून कोण येतंय ते दिसावं म्हणून." ओळ बदलली: आजींच्या बसायच्या जागेवरून दारातून बाहेरचं दिसायला हवं. चाळीची गॅलरी जाऊन आता लिफ्टसमोरचा पॅसेज आला होता, तरी तेवढं जमणार होतं.

शेवटी ‘न बसणाऱ्या मागण्या’ असं शीर्षक घातलं. सहा खुर्च्यांचं टेबल तिथे गेलं, कारण तक्त्यात रविवार सोडून पाच जण कधीच एकत्र जेवत नव्हते. दादा जरा नाराज झाले, पण घडीचं चालेल का, असं त्यांनीच विचारलं. "बघू," म्हटलं, आणि दोन्ही प्रतींवर त्यांची आणि वहिनींची सही घेतली.