एफडीची शिडी: सहा पावत्या, दोन बँका आणि मोडण्याचा हिशेब

जुलै 2025 मध्ये माझ्याकडे सहा लाख रुपये मोकळे होते. दोन-तीन महिन्यांच्या घरखर्चाचे पैसे बचत खात्यात वेगळे होते, म्हणजे हे सहा लाख रोजच्या अडचणीसाठी नव्हते. पण पाच वर्षं हात लावायचा नाही असेही नव्हते. मध्येच घराची दुरुस्ती, कॉलेजची फी, कुणाचं ऑपरेशन असं काही निघालं तर लाख-दीड लाख काढता आले पाहिजेत आणि बाकीच्या रकमेचं व्याज बिघडता कामा नये, एवढीच अपेक्षा होती. त्यासाठी एक मोठी एफडी न करता एकेक लाखाच्या सहा पावत्या केल्या, दर सहा महिन्यांनी एक पिकेल अशा. सहा महिने, एक वर्ष, दीड, दोन, अडीच आणि तीन वर्षं. एक पिकली की ती परत सर्वांत लांबच्या, म्हणजे तीन वर्षांच्या मुदतीला टाकायची. अडीच वर्षांनंतर सगळ्याच पावत्या तीन वर्षांच्या दराने चालतात आणि तरी दर सहा महिन्यांनी एक हातात येते.

लांब मुदत म्हणजे जास्त व्याज, हे आपल्याकडच्या बँकांत नेहमी खरं नसतं. माझ्या बँकेचा त्या दिवशीचा तक्ता असा होता: सहा महिन्यांना 5.80 टक्के, एक ते दोन वर्षांना 6.25, दोन ते तीन वर्षांना 6.45, आणि तीन ते पाच वर्षांना पुन्हा 6.30. पाच वर्षांच्या पुढे तर 6.05. मध्ये फुगवटा, दोन्ही टोकांना उतार. दर खाली येतील असं वाटत असताना बँकेलाही चढ्या दराने फार लांबचं बांधून घ्यायचं नसतं. रिझर्व्ह बँकेने फेब्रुवारी 2025 पासून रेपो दर, म्हणजे ती बँकांना ज्या दराने कर्ज देते तो, 6.50 वरून उतरवायला सुरुवात केली होती आणि जूनपर्यंत तो 5.50 झाला होता. म्हणून मी पाच वर्षांची शिडी केली नाही. शिडीची उंची तक्त्यातल्या फुगवट्यापर्यंतच ठेवावी, त्यापलीकडच्या पायऱ्या कमी व्याज देऊन पैसेही अडकवतात.

याच तक्त्यात एक बारीक खाच होती. 6.45 चा गट 'दोन वर्षे ते तीन वर्षांपेक्षा कमी' असा होता. नेमकी तीन वर्षांची पावती केली असती तर ती पुढच्या गटात जाऊन 6.30 टक्क्यांना बसली असती. ऑनलाइन फॉर्ममध्ये मुदत दिवसांत भरता येते, म्हणून सहावी पावती 1,090 दिवसांची केली. पाच-सहा दिवस कमी, 0.15 टक्का जास्त. शाखेतल्या काउंटरवर 'तीन वर्षांची करा' म्हटलं तर ते बरोबर तीन वर्षांचीच करतात, त्यात त्यांची चूक नाही. गटाची सुरुवात आणि शेवट आपणच वाचायचा. 444 दिवसांसारख्या खास योजना असतात, त्यांचंही हेच. त्या बसत असतील तर दीड वर्षाच्या पायरीच्या जागी बसवाव्यात, पण पिकल्यावर बँक त्या खास दराने नूतनीकरण करेल असं गृहीत धरू नये.

सहा पावत्यांचा सरासरी दर 6.275 टक्के पडला. सगळेच पैसे दोन-तीन वर्षांच्या गटात टाकले असते तर 6.45 मिळाले असते. फरक 0.175 टक्का, म्हणजे सहा लाखांवर वर्षाला साधारण 1,050 रुपये. पैसे हाताशी ठेवण्याची ही किंमत, आणि तीही फक्त सुरुवातीची. खालच्या पायऱ्या वर जातात तशी ती घटते.

ही किंमत कशासाठी मोजायची, ते मोडण्याच्या हिशेबात दिसतं. एफडी मुदतीआधी मोडली की ठरलेला दर मिळत नाही. पावती प्रत्यक्षात जितका काळ राहिली त्या काळाला, ती ठेवली त्या दिवशी जो दर लागू होता, तो घेतात आणि त्यातून दंड वजा करतात. माझ्या बँकेत पाच लाखांपर्यंतच्या पावतीला अर्धा टक्का दंड आहे, त्यावरच्या पावतीला एक टक्का. आता समजा नवव्या महिन्यात 80,000 रुपये लागले. सहा लाखांची एकच पावती 6.45 ने असती आणि बँक अंशतः मोडू देत नसेल, तर सगळीच मोडावी लागते. नऊ महिन्यांचा दर 6.05, वजा एक टक्का, म्हणजे 5.05. ठरलेल्या दरापेक्षा 1.40 टक्के कमी, सहा लाखांवर, नऊ महिन्यांसाठी: साध्या हिशेबाने 6,300 रुपये गेले. शिवाय उरलेले पाच लाख वीस हजार नव्या, कदाचित उतरलेल्या दराने पुन्हा ठेवावे लागणार, ते वेगळंच.

शिडी असेल तर प्रश्न एवढाच उरतो, की कुठली पायरी काढायची. माझ्या हिशेबात नवव्या महिन्यात तीन उमेदवार होते. सहा महिन्यांची पावती जानेवारी 2026 मध्ये पिकून लांब मुदतीला 6.40 ने गेलेली, म्हणजे तीन महिन्यांची कोवळी. ती मोडली तर तीन महिन्यांचा दर 4.90, वजा अर्धा, 4.40. दोन टक्क्यांचा फरक, पण काळ तीनच महिने, म्हणून नुकसान 500. अडीच वर्षांची मोडली तर 6.45 च्या जागी 5.55, नऊ महिने, नुकसान 675. एक वर्षाची मोडली तर 6.25 च्या जागी 5.55, नुकसान 525. पण ही शेवटची तर तीनच महिन्यांत पिकणार आहे. ती मोडायचीच कशाला? तिच्यावर कर्ज घ्यायचं.

एफडीवरचं कर्ज किंवा ओव्हरड्राफ्ट साधारण नव्वद टक्क्यांपर्यंत मिळतो आणि व्याज त्या पावतीच्या दरापेक्षा एक टक्का जास्त असतं. 80,000 वर तीन महिने 7.25 टक्क्यांनी 1,450 रुपये द्यायचे, आणि त्याच 80,000 वर पावती 6.25 ने 1,250 कमावते. निव्वळ खर्च 200. पिकल्यावर कर्ज त्यातूनच वळतं होतं. हाच हिशेब लांबच्या पावतीवर उलटतो. 80,000 वर एक टक्का म्हणजे वर्षाला 800, म्हणून अडीच वर्षांच्या पावतीवर घेतलेलं कर्ज दहा महिन्यांपेक्षा जास्त चालणार असेल तर 675 सोसून मोडलेली बरी. थोडक्यात, पिकायला आलेल्यावर कर्ज, नाहीतर कोवळी मोडायची. दर उतरत असताना जुन्या, चढ्या दराच्या पावत्यांना शेवटपर्यंत हात लावायचा नाही. दर चढत असतील तर मात्र उलट, जुनी आणि कमी दराची आधी पाहायची.

प्रत्यक्षात माझी अडचण दरात नव्हे, कागदात आली. पावत्या दोघांच्या नावावर, 'आयदर ऑर सर्व्हायव्हर'. मुदत संपल्यावर कुणीही एकाने पैसे घ्यावेत, इतपत हे ठीक. पण मुदतीआधी मोडायची तर बँक दोघांच्या सह्या मागू शकते, आणि नवरा त्या आठवड्यात गावाला होता. दोघांपैकी एक हयात नसेल तर उरलेल्याला मुदतीआधी मोडता यावी, यासाठीही ठेवताना वेगळी संमती लिहून द्यावी लागते. ती फॉर्ममध्ये एका छोट्या चौकोनात असते आणि बहुतेक जण कोराच सोडतात. आता माझ्या खालच्या दोन पायऱ्या एकट्या नावावर आहेत, नामांकनासह, आणि नेटबँकिंगमधून मोडता येतात. वरच्या पायऱ्या संयुक्त राहिल्या तरी चालतं.

शिडी बिघडते ती बहुतेक वेळा नूतनीकरणात. ऑनलाइन एफडी करताना पिकल्यावर काय करायचं या रकान्यात आपोआप नूतनीकरण आधीच निवडलेलं असतं, आणि ते त्याच मुदतीसाठी होतं. म्हणजे सहा महिन्यांची पावती पुन्हा सहाच महिन्यांना जाते, वर्षाची वर्षालाच. वरच्या पायरीवर कुणीच चढत नाही, आणि सहा महिन्यांचा 5.80 टक्क्यांचा दर आपण वर्षानुवर्षं घेत बसतो. मी सगळ्या पावत्यांना 'मुद्दल व व्याज खात्यात जमा' अशी सूचना दिली आणि तारखा मोबाइलच्या कॅलेंडरमध्ये टाकल्या. जानेवारीत पहिल्या पावतीचे व्याजासह 1,02,920 च्या आसपास जमा झाले, त्याच दिवशी नवा तक्ता पाहून ते 1,090 दिवसांना टाकले. सूचना न देता पिकलेली पावती नुसती पडून राहिली तर आणखी वाईट. रिझर्व्ह बँकेच्या 2021 च्या नियमाने तिला बचत खात्याचा दर किंवा ठरलेला दर, यांपैकी जो कमी तो मिळतो.

पावत्या दोन बँकांत आहेत: सहा महिने, दीड आणि अडीच वर्षांच्या एकीत, बाकीच्या दुसरीत. ठेव विमा एका बँकेतल्या एका ठेवीदाराला मुद्दल आणि व्याज धरून पाच लाखांपर्यंतच आहे, हे एक कारण. एका बँकेचं ॲप बंद असलं की दुसरीतली पायरी उपयोगी पडते, हे दुसरं, जास्त रोजचं. एका आड एक वाटल्यामुळे प्रत्येक बँकेत वर्षाला एक पावती पिकते. तीनहून जास्त बँका मात्र नकोत. केवायसी, नामांकन, पत्ताबदल यांतच जीव जातो.

कराचं एक सांगायला हवं, कारण इथे गैरसमज पक्का आहे. 2025-26 पासून बँक टीडीएस कापते तो एका बँकेतलं वर्षाचं व्याज 50,000 च्या वर गेलं तर, ज्येष्ठ नागरिकांना एक लाखाच्या वर. माझं पूर्ण बारा महिन्यांचं धरलं तरी दोन्ही बँकांत मिळून अडतीस हजारांच्या आसपास बसतं, म्हणून टीडीएस शून्य. पण कर शून्य नाही. पूर्ण व्याज विवरणपत्रात दाखवावं लागतं, आणि पावती संचयी, म्हणजे व्याज पिकल्यावरच एकदम देणारी असेल तरी मी ते दर वर्षी जेवढं साठेल तेवढं दाखवते, तीन वर्षांचं एकदम पिकल्यावर नाही. एकदम दाखवलं तर त्या वर्षी वरच्या स्लॅबमध्ये ढकललं जाण्याची भीती असते. आणि टीडीएस कापला गेलाच तर तो वर्षानुवर्षं कापलेला असतो, मग आकडे जुळत नाहीत. मार्च संपला की दोन्ही बँकांची व्याज प्रमाणपत्रं उतरवून घ्यायची. त्यात न पिकलेल्या पावत्यांचं त्या वर्षाचं व्याजही दिलेलं असतं.