चूक झाल्यावर मुलं काय करतात, ते आम्ही बघतो

नाशिकच्या सातपूरमध्ये आमचा शाफ्ट बनवायचा छोटा कारखाना आहे. दरवर्षी पॉलिटेक्निकच्या कॅम्पसमधून तीन-चार ट्रेनी घेतो. सुरुवातीला टक्के बघून मुलाखत घ्यायचो. व्याख्या घडाघडा सांगणारी मुलं निवडली जायची आणि सहा महिन्यांनीही त्यातल्या काहींची मापं दुसऱ्याला तपासावी लागायची.

म्हणून आता मुलाखतीआधी छोटं काम देतो. सोबत सरफेस प्लेट, दोन व्ही-ब्लॉक, मॅग्नेटिक स्टँड, डायल इंडिकेटर आणि किंचित वाकलेले दोन शाफ्ट नेतो. रनआउट, म्हणजे फिरताना शाफ्ट किती डुलतो ते, काढणं बहुतेकांनी स्वतः केलेलं नसतं, त्यामुळे आधीच हात बसलेल्याला फायदा फारसा मिळत नाही. आमचे फोरमन दहा मिनिटं दाखवतात: शाफ्ट पुसा, डायलची दबणारी दांडी म्हणजे प्लंजर त्यावर काटकोनात टेकवा, सुई साधारण अर्धी फेरी फिरेल इतका दाबून ठेवा, डायल शून्यावर आणा आणि शाफ्ट सावकाश एक फेरी फिरवा. सर्वांत मोठ्या आणि सर्वांत लहान आकड्यातला फरक म्हणजे रनआउट.

सगळ्यात जास्त चूक प्लंजर दाबून न घेतल्यानं होते. तो नुसता टेकला असेल, तर शाफ्टची खोलगट बाजू प्लंजरखाली आली की त्याचं टोक सुटतं, सुई तिथेच थांबते आणि रनआउट कमी दिसतो.

गेल्या वेळी एका शाफ्टचा रनआउट 0.06 मिमी होता. एका मुलानं झटपट 0.03 सांगितलं. मी विचारलं, "खात्री आहे?" तो म्हणाला, "हो सर." त्यानंतर एका मुलीनंही 0.03 च सांगितलं. तिलाही तेच विचारलं. तिनं उत्तर न देता शाफ्ट पुन्हा फिरवला, थांबली आणि म्हणाली, "सर, अर्धा फेरा सुई हलतच नाही. टोक टेकतंय का?" मग प्लंजर दाबून घेतला आणि 0.06 आलं. दुसऱ्या शाफ्टवर काहीही न सांगता तिनं आधी प्लंजर तपासला. तिचे मार्क पहिल्या मुलापेक्षा कमी होते. आम्ही तिला घेतलं.

मी आणि फोरमन वेगवेगळ्या कागदांवर गुण देतो आणि नंतरच बोलतो, नाहीतर माझं मत ऐकून त्यांचं मत बदलतं. गुण फक्त तीन गोष्टींना: स्वतःची चूक सापडली का, अडल्यावर विचारलं का, आणि दुसऱ्या शाफ्टवर तीच चूक टळली का. इंग्रजी आणि वेग या कागदावर नाहीत.

या चाचणीतून मुलगा टिकेल का, हे कळत नाही. चांगले गुण मिळवलेला एकजण चार महिन्यांत सॉफ्टवेअरकडे गेला. आता मुलाखतीत आम्ही पगार आणि रात्रपाळी आधी सांगतो, मग घरून कारखान्यापर्यंत यायला किती वेळ लागतो ते विचारतो.