४७ रद्द, ४८ धरा

नवं पुस्तक हातात आलं की मी आधी शेवटचं पान उघडतो. अक्षरजुळणीच्या धंद्यातली ही खोड आहे. त्या दिवशीही उघडलं. पान २०८. छातीत जरा चुकल्यासारखं झालं, कारण चारच दिवसांपूर्वी याच पुस्तकाचं बिल मी २४० पानांचं लावलं होतं.

कारण सापडायला वेळ लागला नाही. कोटेशन २४० पानांचं होतं, म्हणजे सोळापानी पंधरा फर्मे. पुढे लेखकाने परिशिष्ट गाळलं आणि दोन फर्मे कमी झाले. बिल करताना मी आळसाने कोटेशनचीच फाइल उघडून तारीख तेवढी बदलली होती. पानाला १५० रुपये, वर १८ टक्के जीएसटी, एकूण ४२,४८० रुपये. व्हायला हवे होते ३६,८१६.

लगेच माफीचा मेल लिहायला बसलो. पहिल्या खर्ड्यात ‘तांत्रिक अडचणीमुळे’ असं लिहिलं. संगणक बिचारा काही बोलत नाही म्हणून त्याच्यावर ढकलायचं. ते खोडून ‘नजरचुकीने’ केलं. मग आपले इतक्या वर्षांचे संबंध, असं पूर्वी कधी झालं नाही, मनापासून दिलगीर आहे, अशी चांगली तीन परिच्छेदांची आळवणी झाली. सोबत दुरुस्त बिल जोडलं. क्रमांक तोच, ४७. फाइलच्या नावापुढे ‘सुधारित’ असं लिहिलं आणि मेल पाठवला.

तासाभरात प्रकाशकांकडच्या हिशेब बघणाऱ्या बाईंचा फोन. “अहो, मेल वाचला. छान लिहिलाय. पण भरायचे किती?”

मी म्हटलं, “छत्तीस हजार आठशे सोळा.”

“मग माझ्याकडे ४७ नंबरचं बिल आधीच चढवलंय, बेचाळीस हजारांचं. हेही ४७च. आमचं सॉफ्टवेअर एका पार्टीचा तोच नंबर दुसऱ्यांदा घेत नाही. आणि उद्या कुणी फाइल उघडली तर यातलं खरं कुठलं?”

बाईंचं बरोबर होतं. मेलभर माझी लाज पसरली होती आणि त्यांच्या कामाची रक्कम जोडपत्राच्या तळाशी होती. ‘रद्द’ हा शब्द तर मी कुठेच लिहिला नव्हता. तो फार रोखठोक वाटला असावा.

पण तो लिहिण्याआधी सीएला विचारावं लागलं. त्याने एकच प्रश्न केला, “त्या महिन्याचं जीएसटीआर-१ भरलंस का?” बिल २९ तारखेचं आणि आज होती पुढच्या महिन्याची ३. विवरणाची मुदत ११ पर्यंत, त्यामुळे भरलं नव्हतं. “मग वाचलास. ४७ रद्द कर, नवं बिल पुढच्या नंबरने काढ. ४७ फेकू नकोस हं, विवरणात रद्द बिलांची संख्या दाखवावी लागते.” विवरण गेलं असतं तर? मग ४७ तसंच जिवंत ठेवून फरकाची क्रेडिट नोट काढायची होती, ४,८०० आणि त्यावरचा ८६४ कर, म्हणजे ५,६६४ रुपयांची. तेव्हा मेलमध्ये ‘रद्द’ लिहिणं हीच दुसरी चूक ठरली असती. एका शब्दाचं खरंखोटं तारखेवर ठरतं, हे मला व्याकरणाने कधी शिकवलं नव्हतं.

मग मेल नव्याने लिहिला, जुन्या मेलच्याच उत्तरात, म्हणजे सगळं एका साखळीत राहावं. विषयाच्या ओळीतच घातलं: ‘बिल ४७ रद्द, त्याऐवजी बिल ४८, रु. ३६,८१६’. खाली मजकूर एवढाच:

‘बिल क्र. ४७ (रु. ४२,४८०) आणि आज त्याच क्रमांकाने पाठवलेली सुधारित प्रत, दोन्ही रद्द समजावीत. त्याऐवजी बिल क्र. ४८ सोबत जोडले आहे: २०८ पाने, दर रु. १५०, रक्कम रु. ३१,२००, जीएसटी रु. ५,६१६, एकूण रु. ३६,८१६. कोटेशनमधली पानसंख्या मी न तपासता बिलात घेतली, ही माझी चूक. दोनदा नोंद करावी लागली याबद्दल क्षमस्व. ४७ वर काही रक्कम भरली गेली असल्यास कळवावे.’

शेवटचं वाक्य सुचायला सगळ्यात जास्त वेळ लागला. पहिल्या खर्ड्यात पैसे आधीच निघाले असतील ही शक्यता माझ्या डोक्यातच आली नव्हती. दिलगिरी मात्र पाठवायच्या आधी आणखी एकदा कापली. ‘मनापासून’ गेलं, ‘क्षमस्व’ राहिलं, आणि तेही कशाबद्दल ते सांगून.

संध्याकाळी उत्तर आलं: ‘४८ चढवलं. पैसे निघाले नव्हते. ४७ च्या दोन्ही प्रती फाडू का?’

मी कळवलं, फाडू नका, लाल शाईने तिरकी रेघ मारून फाइलला ठेवा. मीही तेच केलं. आता माझ्या फाइलमध्ये ४६ आणि ४८ च्या मधे ते बेचाळीस हजारांचं बिल तिरक्या रेघेखाली पडून आहे, आणि नवं बिल करताना मी कोटेशनची फाइल उघडत नाही, पुस्तकाचं शेवटचं पान उघडतो.