नाचणारा आकडा

"ताई, पिकोवरचा तापमानाचा आकडा सारखा नाचतोय. दहा रीडिंगची सरासरी काढली की झालं ना?"

पुष्कळदा होतं. पण आमच्या अंडी उबवायच्या पेटीत ते झालं नाही, आणि का झालं नाही हे कळायला मला दोन आठवडे लागले. म्हणून तीच पेटी सांगते.

थर्माकोलची पेटी, आत साठ वॅटचा बल्ब, गावरान कोंबडीची अंडी. आत साडेसदतीस अंश हवेत, सलग एकवीस दिवस. रास्पबेरी पाय पिको हा छोटा मायक्रोकंट्रोलर बोर्ड, तापमान मोजायला एलएम३५ सेन्सर, बल्ब चालू-बंद करायला रिले. आकडा ३७.४ च्या खाली गेला की बल्ब लागायचा, ३७.८ च्या वर गेला की विझायचा.

एलएम३५ दर अंशाला १० मिलिव्होल्ट देतो, म्हणजे साडेसदतीस अंशाला ३७५. पिको ३.३ व्होल्टचे ४०९६ भाग पाडतो. एक भाग होतो ०.८ मिलिव्होल्टचा, म्हणजे ०.०८ अंशाचा. त्यामुळे आकडा शेजारच्या एकदोन पायऱ्यांवर मागेपुढे होणारच. ही थरथर निरुपद्रवी आहे आणि ती सरासरीने खरोखर जाते.

मी सरासरीच काढली होती. तरी रिले मधेच खट्कन पडायचा. शेवटी सरासरीने गाळलेला आकडा बाजूला ठेवून कच्चा आकडा छापला आणि थॉनीमध्ये, म्हणजे पिकोचा कोड जिथे लिहिते त्या प्रोग्रॅममध्ये, प्लॉटर उघडला. व्ह्यू मेन्यूत तो असतो, छापलेल्या आकड्यांचा चालता आलेख काढतो. तिथे दिसलं की अधूनमधून एखादंच रीडिंग थेट ५२ येतंय. नऊ रीडिंग ३७.५ आणि एक ५२, यांची सरासरी ३८.९५ येते. एका खोट्या रीडिंगने बाकीच्या नऊ खऱ्यांना जवळजवळ दीड अंश वर ओढलं. सरासरीचा हा स्वभावच आहे, ती प्रत्येकाचं थोडंथोडं ऐकते.

अशा ठिकाणी मध्यक घ्यावा. शेवटची पाच रीडिंग चढत्या क्रमाने लावायची आणि मधलं उचलायचं. ५२ असो की ५२०, ते टोकाला जाऊन बसतं आणि मधल्याला धक्का लागत नाही. मध्यकाने उसळी गेली की मग उरलेल्या थरथरीसाठी सरासरी. क्रम उलटा केलात तर उसळी आधीच सरासरीत मिसळलेली असते, मग मध्यकाच्या हाती काही लागत नाही.

```python
from machine import ADC
import time

adc = ADC(26)
last = []
smooth = None

while True:
    raw = adc.read_u16() * 330 / 65535
    last.append(raw)
    if len(last) > 5:
        last.pop(0)
    mid = sorted(last)[len(last) // 2]
    if smooth is None:
        smooth = mid
    smooth += 0.05 * (mid - smooth)
    print(raw, mid, smooth)
    time.sleep_ms(200)
```

`read_u16` शून्य ते ६५५३५ मध्ये उत्तर देतो, म्हणून ६५५३५ ने भागलं. ३.३ व्होल्ट म्हणजे या सेन्सरच्या हिशोबात ३३० अंश, म्हणून ३३० ने गुणलं. `smooth` ची ओळ म्हणजे वहीत दहा आकडे न साठवता केलेली सरासरी. नवा आकडा जुन्यापासून जेवढा लांब, त्याचा विसावा भाग आपण सरकतो.

यात दोन जागी मी चुकले होते. पहिली चूक, मी पाचही रीडिंग एका दमात, मधे न थांबता घेत होते. ती एका मिलिसेकंदाच्या आत उरकतात. रिलेच्या पट्ट्या जुळताना थडथडतात ते काही मिलिसेकंद चालतं, म्हणजे पाचही रीडिंग त्या गोंधळातच सापडायची आणि मध्यकही खोटा निघायचा. म्हणून २०० मिलिसेकंदांचं अंतर. दुसरी चूक, `smooth` ची सुरुवात मी शून्यापासून केली होती. ०.०५ ने सरकणाऱ्या आकड्याला नव्वद टक्के अंतर कापायला पंचेचाळीस रीडिंग, म्हणजे नऊ सेकंद लागतात. पेटी ३७.५ वर असली तरी नऊ सेकंदांनंतर पडद्यावर पावणेचौतीसच दिसायचं आणि बल्ब उगाच जळायचा.

हा उशीर हीच गाळण्याची किंमत. पेटीतली हवा बदलायला मिनिटं लागतात, तिथे नऊ सेकंद चालतात. झाकण उघडल्याबरोबर कळायला हवं असेल तर ०.०५ चं ०.२ करा, आणि थोडी थरथर सोसा.

एवढं केल्यावर उसळ्या गेल्या. आणि तरीही रिले वाजत राहिला! फरक इतकाच, की आधी सेकंदाला दोनदा वाजायचा, आता काही सेकंदांनी एकदा. मी ०.०५ चं ०.०२ केलं, तर आणखी सावकाश वाजला. पुन्हा प्लॉटर उघडला तेव्हा यावेळी आलेखात टोक नव्हतं, पायरी होती. बल्ब लागला की कच्चा आकडा एका रीडिंगमध्ये एक अंश वर चढायचा आणि तिथेच राहायचा. विझला की तसाच एका फटक्यात खाली. पेटीतली हवा पाचव्या हिश्शाच्या सेकंदात एक अंश तापत नाही, म्हणजे हे तापमान नव्हतं.

कारण तारेत होतं. रिलेची कॉइल साधारण ७० मिलिअँपिअर ओढते. माझ्या ब्रेडबोर्डवर रिले आणि सेन्सर यांची ग्राउंड एकाच बारीक तारेने पिकोकडे जात होती. त्या तारेचा आणि खाचांचा मिळून ०.१५ ओहम रोध धरला तरी त्यावर दहा मिलिव्होल्ट पडतात, आणि दहा मिलिव्होल्ट म्हणजे एलएम३५ च्या भाषेत पूर्ण एक अंश. बल्ब लागला की आकडा एक अंशाने खोटा वाढायचा, म्हणून बल्ब विझायचा, आकडा उतरायचा, की पुन्हा लागायचा. माझ्या ३७.४ आणि ३७.८ मधल्या ०.४ अंशाच्या फटीला हे पेलणारं नव्हतं. कॉइल चालू असेपर्यंत पाचच्या पाच रीडिंग सारखीच खोटी होती, तिथे मध्यक काय करणार आणि सरासरी काय करणार?

सेन्सरच्या ग्राउंडसाठी वेगळी तार काढली आणि ती पिकोच्या ३३ नंबरच्या पिनेला, म्हणजे एजीएनडी या अ‍ॅनालॉग ग्राउंडला, जोडली. रिलेची ग्राउंड दुसऱ्या पिनेवर नेली. त्या संध्याकाळी पायरी गेली, आणि कोडमध्ये एक अक्षर बदलावं लागलं नाही. म्हणून आता कुणी विचारलं की मी आधी कच्चा आलेख मागते. थरथर असेल तर सरासरी, एकांडी टोकं असतील तर मध्यक, आणि रिलेबरोबर चढणारी-उतरणारी पायरी असेल तर पाना-पक्कड.

एक गोष्ट मात्र यातल्या कशानेच सुधारत नाही. आकडा अगदी स्थिर असून चुकीचा असू शकतो. म्हणून अंडी ठेवण्याआधी पेटीत पाऱ्याचा, ताप मोजायचा थर्मामीटर सेन्सरला लागून ठेवला. तो सर्वात वरचा आकडा धरून ठेवतो, त्यामुळे दरवेळी झटकून पारा उतरवावा लागतो. तीन वेळा पाहिलं, तिन्ही वेळा आमचा आकडा ०.६ ने जास्त निघाला. `raw` च्या ओळीत शेवटी `- 0.6` लिहिलं आणि मग अंडी आत ठेवली.