टाकीतला पीएच बारावरून खाली आणताना

सोलापूरच्या अक्कलकोट रोड एमआयडीसीतल्या एका टेरी टॉवेलच्या प्रोसेस हाउसमध्ये मी लॅब सांभाळते. शेड जुळवणं हे मुख्य काम, पण ईटीपीच्या, म्हणजे सांडपाणी शुद्ध करायच्या प्लांटच्या, टाक्यांचे पीएचही माझ्याच रजिस्टरला लागतात. हिवाळ्यातल्या एका सकाळी ईटीपीवर नव्याने आलेला सिद्धाराम दारात येऊन म्हणाला, "मॅडम, मीटर बिघडलाय बघा की. टाकीत ॲसिड टाकलं तर दोन दाखवतोय."

मी पीएच पेपरची पट्टी घेऊन त्याच्याबरोबर गेले. पट्टी लालभडक झाली. तरी मीटर ७ आणि ४ च्या बफरमध्ये, म्हणजे पीएच ठरलेल्या द्रावणांत, बुडवून पाहिला. दोन्हीकडे बरोबर दाखवत होता. टाकीतलं पाणी खरोखरच २.१ वर आलेलं होतं.

टाकीत ब्लीचिंगनंतरच्या धुण्याचं वीस हजार लिटर पाणी होतं, रात्रभर राहून निवलेलं. त्यात कॉस्टिक, म्हणजे कॉस्टिक सोडा होता आणि पहाटे पीएच भरला होता १२. हे पाणी पुढे एरेशन टाकीत जातं. तिथले बॅक्टेरिया पाण्यातली घाण खातात, आणि त्यांना साडेसहा ते साडेआठच्या दरम्यानचंच पाणी मानवतं. बाहेर सोडायच्या पाण्याची मर्यादाही तीच. दोन पीएचचं पाणी तिकडे गेलं असतं तर बॅक्टेरियांचं हे कल्चर मेलं असतं, आणि ते पुन्हा उभं करायला आठवडे जातात. म्हणून सगळ्यात आधी पुढचा व्हॉल्व्ह बंद केला आणि मग सिद्धारामला विचारलं, "किती टाकलंस?"

त्याने नीट सांगितलं. आधी अठरा लिटर हायड्रोक्लोरिक टाकलं, ढवळलं, मोजलं: बाराचे बरोबर अकरा झाले. एक अंक उतरायला अठरा लिटर लागले, अजून तीन अंक उतरायचे, म्हणजे तीन वेळा अठरा. पण घाई न करता त्याने पुन्हा अठराच लिटर टाकले. दहा येतील अशी अपेक्षा होती, आले २.१.

त्याचं काम काळजीचंच होतं. टप्प्याटप्प्याने टाकायचं आणि प्रत्येक टप्प्याला मोजायचं, हे त्याने केलं होतं. फक्त तो पीएचचे अंक लिटर-किलोसारखे समान मापाचे धरून चालला होता. मीटरचा पडदा पाहून कुणालाही तसंच वाटेल. १२ आणि ११ मध्ये जेवढं अंतर दिसतं तेवढंच ११ आणि १० मध्ये दिसतं.

मी त्याला लॅबमध्ये बसवलं आणि रजिस्टरच्या मागच्या पानावर हिशोब मांडला. पीएच म्हणजे पाण्यातल्या हायड्रोजन आयनांचं प्रमाण, पण ते सरळ न लिहिता दहाच्या घातात लिहिलेलं:

pH = −log₁₀[H⁺]

मोल म्हणजे कणांची संख्या मोजायचं माप. लिटरमागे ०.०१ मोल हायड्रोजन आयन असतील तर पीएच २, ०.००१ असतील तर ३, ०.०००१ असतील तर ४. दशांश चिन्हानंतर एक शून्य वाढलं की पीएच एकने वाढतो, आणि शून्य वाढणं म्हणजेच प्रमाण दहावा भाग होणं. कोपनहेगनच्या कार्ल्सबर्ग प्रयोगशाळेत सोरेनसेन यांनी १९०९ साली ही पद्धत काढली ती याच शून्यांच्या रांगा टाळायला.

कॉस्टिकच्या बाजूला हेच उलट दिशेने चालतं. पाण्यात हायड्रोजन आयन आणि हायड्रॉक्साइड आयन यांचा गुणाकार ठरलेला असतो. एक दहापट घटला की दुसरा दहापट वाढतो. २५ अंश सेल्सिअसला पीएच १२ म्हणजे लिटरमागे ०.०१ मोल हायड्रॉक्साइड, ११ म्हणजे ०.००१, १० म्हणजे ०.०००१.

आता हे वीस हजार लिटरला लावायचं. पीएच १२ ला टाकीत २०० मोल हायड्रॉक्साइड. ११ ला २०. १० ला २. ९ ला ०.२. आमच्याकडे कॅनमधून येणाऱ्या ॲसिडमध्ये लिटरला साधारण १० मोल आम्ल असतं. एक मोल आम्ल एक मोल हायड्रॉक्साइड मारतं, म्हणजे त्याचं पाणी करतं. म्हणून १२ वरून ११ वर यायला १८० मोल मारायचे, त्याला अठरा लिटर. ११ वरून १० वर यायला १८ मोल, म्हणजे १.८ लिटर. १० वरून ९ ला १८० मिलिलिटर. आणि ९ वरून थेट ७ वर यायला जेमतेम २० मिलिलिटर, चहाच्या कपाचा तळ भिजेल एवढं.

सिद्धाराम त्या शेवटच्या आकड्याकडे बघत राहिला. "वीस हजार लिटरला वीस मिली?" त्याने दोनदा विचारलं. बाराच्या पाण्यातलं नव्वद टक्के कॉस्टिक पहिल्या एका अंकातच संपलेलं असतं. उरलेल्या चार अंकांत मिळून फक्त दहा टक्के उरतं. दुसरे अठरा लिटर टाकले तेव्हा टाकीत मारायला उरले होते २० मोल आणि आम्ल पडलं १८०. जादा १६० मोल वीस हजार लिटरमध्ये, म्हणजे लिटरला ०.००८, आणि त्याचा पीएच येतो २.१. मीटरनेही तेच दाखवलं होतं.

प्रत्यक्षात आकडे इतके जुळत नाहीत. या पाण्यात जुळले याचं कारण आमच्याकडे धुण्याला आरओचं पाणी वापरतात, आणि त्यात कॉस्टिकखेरीज फारसं काही नव्हतं. हे त्याला मुद्दाम सांगितलं, कारण दुपारी त्याच गोष्टीशी गाठ पडणार होती.

मीटर असा का दाखवतो, हेही त्याने विचारलं. काचेच्या इलेक्ट्रोडचा स्वभावच तसा आहे. २५ अंशाला हायड्रोजन आयन दहापट बदलले की त्याचं व्होल्टेज सुमारे ५९ मिलिव्होल्टने बदलतं, मग ते १२ चे ११ होवोत किंवा ३ चे २. इलेक्ट्रोडला किती पट बदल झाला एवढंच कळतं. किती लिटर ॲसिड खपलं ते तो सांगू शकत नाही.

इतक्यात सुपरवायझर आले. शेजारच्या टाकीत तेवढंच पाणी होतं, पीएच १२. ते म्हणाले, "इकडे दोन, तिकडे बारा. दोन्ही एकत्र करा, सरासरी सात येईल. ॲसिडही वाचेल." कल्पना चांगली होती, वाया गेलेलं ॲसिड वापरात आलं असतं. पण पीएचची सरासरी काढता येत नाही. आत जे आहे त्याचीच बेरीज-वजाबाकी करावी लागते. आम्लाच्या टाकीत १६० मोल, कॉस्टिकच्या टाकीत २०० मोल हायड्रॉक्साइड. सगळं मिसळलं तर ४० मोल हायड्रॉक्साइड चाळीस हजार लिटरमध्ये उरतं. लिटरला ०.००१. म्हणजे पीएच ११! सातऐवजी अकरा.

दोन्ही पाणी कॉस्टिकचं असेल तेव्हाही असंच होतं. १२ चं आणि १० चं पाणी सारखं मिसळलं तर ११ येत नाही, ११.७ येतो. १० च्या पाण्यात इतकं कमी कॉस्टिक असतं की ते फक्त पाणी वाढवतं.

सुपरवायझरांची कल्पना आम्ही सोडली नाही, मोजून वापरली. १६० मोल आम्ल मारायला १२ चं सोळा हजार लिटर पाणी लागणार होतं. पंधरा हजार सोडून पंप बंद केला, ढवळलं. पीएच ३.५. पंधरा हजार लिटर ओतून जेमतेम दीड अंक हलला होता. सुपरवायझरांना वाटलं अजून तेवढंच लागेल. मी म्हटलं, आता व्हॉल्व्ह चिमूटभर उघडा आणि मीटरजवळून हलू नका. पुढच्या नऊशे लिटरला साडेचार, आणि नंतरच्या थोड्याशा पाण्यात पीएच सातच्या घरात आला. तिथे हात आवरला.

दुपारी रंगाच्या धुण्याची टाकी भरली, तीही वीस हजार लिटर. रिॲक्टिव्ह रंग सुतावर बसवायला सोडा ॲश लागतो, तो या पाण्यात येतो. पीएच होता ११. सिद्धारामने आता हिशोब स्वतःच केला: टाकीत २० मोल, म्हणजे दोन लिटर ॲसिड. "बरोबर ना मॅडम?"

मी म्हटलं, आधी एक लिटर पाणी बीकरमध्ये आण. कॅनमधलं ॲसिड शंभरपट पातळ केलेलं लॅबमध्ये होतंच. या मापाने टाकीला दोन लिटर म्हणजे बीकरला दहा मिलिलिटर. त्याने दहा मिलिलिटर घातले. पीएच एक-दोन दशांश उतरला आणि थांबला. वीस घातले, तीस घातले. पन्नासला साधारण १०.२. तो माझ्याकडे बघायला लागला. नव्वदच्या आसपास ९ आला आणि तिथून मात्र पुढच्या पाच मिलिलिटरमध्ये सव्वाआठ. म्हणजे टाकीला एकोणीस लिटर.

बाराच्या टाकीला वीस लिटर पुरले असते आणि अकराच्या टाकीला एकोणीस. पीएचवरून हायड्रॉक्साइड दहापट कमी दिसत होतं, तरी ॲसिड जवळपास तेवढंच लागलं. याचं कारण सोडा ॲशमधलं कार्बोनेट. पीएच फक्त मोकळं हायड्रॉक्साइड मोजतो. कॉस्टिकमध्ये सगळंच हायड्रॉक्साइड मोकळं असतं, म्हणून पीएचवरून एकूण साठा कळतो. कार्बोनेट मात्र थोडंच हायड्रॉक्साइड मोकळं सोडतं. ॲसिडने ते खाल्लं की स्वतःच आम्ल पकडून बायकार्बोनेट होतं. बहुतेक सगळ्या कार्बोनेटचं बायकार्बोनेट होईपर्यंत पीएच हळूहळूच उतरतो. लिटरला एक ग्रॅम सोडा ॲश असला की पीएच अकराच्या आसपासच दिसतो, पण मारायचे असतात नऊ-साडेनऊ मिलिमोल, आणि मीटरला त्यातला दहा-बारा टक्के भागच दिसतो.

"मग दहापटीचा नियम इथे चुकला का?" त्याने विचारलं. नियम चुकलेला नव्हता. ११ वरून १० वर येताना मोकळं हायड्रॉक्साइड दहावा भागच झालं होतं. फक्त ते दहावा भाग होईपर्यंत किती ॲसिड खपेल, हे पाण्यात आणखी काय आहे त्यावर ठरतं. ते मीटरवर दिसत नाही, बीकरमध्ये ॲसिड घालूनच कळतं.

तेव्हापासून आमच्याकडे प्रत्येक टाकीचा एक लिटर नमुना आधी लॅबमध्ये येतो. बीकरवरून निघालेल्या ॲसिडचं नव्वद टक्के मोठ्या पंपाने टाकतात. शेवटचं दहा टक्के शंभरपट पातळ करून छोट्या पंपाने जातं आणि दर वेळी ढवळून पाच मिनिटं थांबूनच मीटर वाचतात. शेवटच्या भागात एका लिटरची चूकसुद्धा टाकीला तीन-चार अंक खाली ओढू शकते, निदान कॉस्टिकच्या पाण्यात तरी.